चार मिनिटांत बजेट पटवताना: तुमचा अनुभव सांगा

संशोधन निधीच्या मुलाखतीत बोलायला चार मिनिटं मिळतात, प्रश्नोत्तरं वेगळी. त्यात पैशांबद्दल नेमकी कोणती वाक्यं बोलता? तुलना सोपी जावी म्हणून एकच उदाहरण धरू: यवतमाळ जिल्ह्यातल्या ६० विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड, तीन वर्षं, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा.

भूजल_वाचक
आधी नमुने मोजून दाखवा, मग पैसे. ६० विहिरी, वर्षाला दोन फेऱ्या, तीन वर्षं, म्हणजे ३६० नमुने. पुढचा प्रत्येक खर्च याच आकड्यातून निघायला हवा. प्रवासाचं वाक्य असं: "एकूण सहा फेऱ्या. दिवसाला दहाच विहिरी होतात, म्हणून एका फेरीला सहा दिवस. छत्तीस दिवस गाडी लागेल, भाडं दिवसाला साडेतीन हजार. म्हणून एक लाख सव्वीस हजार." ऐकणारा मनातल्या मनात गुणाकार करतो आणि तो जुळला की पुढे ऐकतो. नुसतं "प्रवास दीड लाख" म्हटलं की पहिला प्रश्न तिथेच येतो. "दहाच का?" याचं उत्तर मात्र तयार हवं: विहिरींतलं अंतर, दर ठिकाणी लागणारा वेळ, संध्याकाळपर्यंत परत येणं.

सायली_प
विद्यापीठातल्या तीन मिनिटांच्या प्रबंध स्पर्धेसाठी एकच स्लाइड असते आणि गोष्ट सांगितल्यासारखं बोलायचं असतं. इथेही तसंच करा, आकडे टाळा.

भूजल_वाचक
सायली, ती स्पर्धा वेगळी. तिथे कुणी पैसे देणार नसतं, म्हणून बजेट येतच नाही. इथे समितीपुढे तुमच्या प्रस्तावातला खर्चाचा तक्ता उघडा असतो. एका स्लाइडचा सल्ला मात्र घेण्यासारखा आहे.

हिशेबनीस
सगळ्यात मोठी रक्कम मनुष्यबळाची असते आणि चूकही तिथेच होते. जेआरएफला २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, तिसऱ्या वर्षी एसआरएफ झाल्यावर ४२,०००. पुष्कळ जण ३७,००० ला सरळ ३६ ने गुणतात आणि १३,३२,००० सांगतात. खरा आकडा १३,९२,०००, घरभाडं वेगळं, तेही शहराच्या वर्गाप्रमाणे. राहिलेले साठ हजार तिसऱ्या वर्षी कुठून आणणार? बोलताना मात्र टप्पे नकोत. "एक पूर्णवेळ संशोधक, तीन वर्षं, सरकारी दराने, नमुने तोच गोळा करेल आणि तोच तपासेल" एवढं पुरे.

रसायन_कट्टा
उपकरणाबद्दल "मीटर हवा" म्हणू नका, काम सांगा. फ्लोराइडचा इलेक्ट्रोड एक चालू, एक राखीव. राखीव कशाला? "पावसाळ्यानंतरच्या फेरीत इलेक्ट्रोड बिघडला तर नवा येईपर्यंत तो हंगाम निघून जातो." हे वाक्य पटतं, कारण गेलेला हंगाम पैशाने परत मिळत नाही. बफरचा हिशेब प्रश्नोत्तरांसाठी ठेवा. २५ मिली नमुन्यात २५ मिली बफर, प्रत्येक नमुना दोनदा, म्हणजे ३६० नमुन्यांना १८ लिटर. रोजची प्रमाण द्रावणं वेगळी. चार मिनिटांत हे बोललात तर वेळ तिथेच संपेल.
आणि उपकरणांवर जीएसटी ५ टक्केच धरा, संशोधन संस्थांना सवलत आहे.

हिशेबनीस
ती सवलत जुलै २०२२ मध्ये काढली. दरपत्रकावर छापलेला दर धरा आणि दरपत्रक करासहित आहे का, तेही बघा. कर धरायचा राहिला तर मंजूर रकमेत मीटर येतो, राखीव इलेक्ट्रोड येत नाही.

गणेश_सातपुडा
आमचा प्रस्ताव लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणाचा आहे. नमुने नाहीत, मग गुणाकार कशाचा करायचा?

भूजल_वाचक
तासांचा करा. किती गावं, दर गावी किती तास मुद्रण, आणि एका तासाच्या मुद्रणाचं लिप्यंतर करायला किती तास लागतात. हा शेवटचा आकडा आधी एक तास स्वतः लिहून काढल्याशिवाय सांगू नका. मानधनाची सगळी रक्कम त्यावर उभी असते.

मिनिटकाटा
स्वच्छ बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणून मजकूर ४२० शब्दांवर थांबवा. पैशांसाठी दीड मिनिट राखा आणि तो भाग शेवटी ढकलू नका, घंटा वाजली की तोच कापला जातो. "१,२६,०००" कागदावर लहान दिसतं, उच्चारायला चार शब्द लागतात. मी "सव्वा लाख" म्हणते.

हिशेबनीस
तक्त्यात १,२६,००० आणि तोंडी सव्वा लाख, की हजाराचा फरक कुठला ते विचारतात. मी पूर्ण आकडाच बोलायला सांगतो.

मिनिटकाटा
सगळे आकडे पूर्ण बोलले तर कुठलाच लक्षात राहत नाही. एकूण रक्कम पूर्ण सांगावी, बाकीच्या गोळा.

भूजल_वाचक
"निधी कमी मिळाला तर?" याचं उत्तर मी शेवटच्या वीस सेकंदांत आपणहून देतो. "विहिरी चाळीस करू, फेऱ्या सहाच ठेवू." हंगामांची तुलना गेली तर मूळ प्रश्नच उरत नाही. पण चाळीस विहिरींना २४ दिवस गाडी लागते, म्हणजे वाचतात फक्त ४२,०००. संशोधकाचं मानधन तेवढंच राहतं. हेही त्याच दमात सांगा.

रसायन_कट्टा
आपणहून सांगितलं तर चाळीस विहिरींचेच पैसे मंजूर होतील ना? मी ते विचारल्याशिवाय काढणार नाही.