माणूस बदलतो तो मधल्या वयात
> ‘आठ वर्षांच्या पोराचा सत्तरीचा म्हातारा एकाच एआय क्लिपमध्ये करायचाय. पहिली आणि शेवटची फ्रेम दिली, पण मध्येच दुसराच माणूस दिसतो. काय चुकतंय?’

उडी फार मोठी आहे. मधलं वय कसं दिसावं हे तुम्ही सांगितलंच नाही, म्हणून सॉफ्टवेअर तिथे कुणाचाही चेहरा बसवतं.

मी सोलापुरात चादर विणणाऱ्या विणकराची अशीच क्लिप केली. आधी फक्त ३० वर्षांचा चेहरा पक्का केला. डाव्या भुवईत तुटक व्रण, थोडा बाहेर आलेला कान. मग ८, ५० आणि ७० वर्षांची चित्रं या एकाच चित्रावरून काढली. आठचं पाहून तीस, तीसचं पाहून पन्नास असं केलं की चूक साठत जाते आणि सत्तरीला पोचेपर्यंत माणूस हरवतो.

चारही चित्रं डोळे जुळवून अर्धपारदर्शक करून एकमेकांवर ठेवा. मुलाची हनुवटी वर आणि म्हाताऱ्याचे कान मोठे दिसणारच, ते बरोबर आहे. पण व्रण उजवीकडे गेला असेल तर ते चित्र टाकून द्या. ही चूक फार होते.

मग ८ ते ३०, ३० ते ५० आणि ५० ते ७० असे तीन तुकडे करून जोडा, प्रत्येकाला ही चित्रं पहिली आणि शेवटची फ्रेम म्हणून द्या. मुलाचे ओठ मिटलेले ठेवा, दात दिसले की वयाचा गोंधळ होतो. जोड मी मागातला आडवा धागा नेणारा धोटा चेहऱ्यासमोरून जातो त्या क्षणी लपवला. सुरकुत्यांआधी केस पिकू द्या, बदल जास्त खरा वाटतो.