मदत हवी आहे: कार्डावरचा राग ओळखतात, स्वतःचा ओळखत नाहीत

पिंपळपान

मी मोठ्या शिशुवर्गाला शिकवते. पाच-साडेपाच वर्षांची 22 मुलं आहेत. भावनांच्या चेहऱ्यांचा पाठ घेतला. आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, आश्चर्यचकित, लाजलेला, कंटाळलेला आणि किळस आलेला अशी आठ कार्डं होती. सोबत एक गोष्टही सांगितली. एक अस्वल चिडतं, मग दीर्घ श्वास घेतं आणि सगळे पुन्हा मित्र होतात. मुलं कार्डं पाहून धडाधड उत्तरं देतात. 'राग आला तर काय करायचं?' असं विचारलं की सगळी एका सुरात 'दीर्घ श्वाऽऽस' म्हणतात.

आणि मग ठोकळ्यांवरून भांडण झालं की ढकलाढकली, चावे, किंचाळणं! त्या क्षणी कार्ड समोर धरलं तर ते भिरकावून देतात. पाठात काय कमी पडतंय? गोष्ट बदलू का?

लिंबोणी

आठ कार्डांवर थांबलात म्हणून असं होतंय. भावना कितीतरी असतात. माझ्याकडे वीस चेहऱ्यांचा तक्ता आहे आणि मुलांना सगळे पाठ आहेत. शब्द जितके जास्त, तितकं मूल नेमकं बोलतं. आणि श्वासाचं म्हणाल तर राग आला की लगेच पाच दीर्घ श्वास घ्यायला लावायचेच, सवय लागते.

खडूफळा

लिंबोणी, शब्द वाढले की मूल नेमकं बोलतं हे खरं, पण ते पुढे. या वयात आनंद सगळ्यात आधी पक्का होतो, त्यामागून दुःख आणि राग. भीती आणि आश्चर्य यांच्यात बराच काळ गोंधळ राहतो, कारण दोन्हींत डोळे विस्फारलेले आणि तोंड उघडं. किळस तर बरीच मुलं रागात जमा करतात. तुमच्या मुलांना वीस चेहरे पाठ आहेत म्हणजे त्यांना वीस चित्रं पाठ आहेत. ती भावना स्वतःच्या अंगात ओळखता येते का, हे तक्त्यावरून कळत नाही.

पिंपळपान, चारच कार्डं ठेवा: आनंद, दुःख, राग, भीती. आणि कार्डाआधी आरसा द्या. 'रागाचं तोंड करा' म्हटलं की मुलं भुवया आवळतात, दात दाबतात. मग लगेच विचारायचं, 'हात काय करतायत? पोट कसं वाटतंय?' मुठी वळल्यात, कान गरम झालेत, पोट घट्ट झालंय, असं मूल आपणहून सांगतं. भांडणात त्याला स्वतःचा चेहरा दिसत नसतो, मूठ मात्र जाणवत असते. तुमच्या पाठात हा दुवा राहून गेलाय असं मला वाटतं.

दुसरं, श्वास शिकवायचा तो मूल शांत असताना. ऐन रागात नवीन काही शिकता येत नाही. त्या वेळी आपणच थोडक्यात नाव द्यायचं, 'पूल पडला, तुला राग आलाय', चावत असेल तर मध्ये हात घालायचा आणि जवळ बसायचं. कार्ड नंतर.

दोन_टोकं

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. घरात तो रागावत नाही, उलट गप्प होतो आणि कपाटामागे जाऊन बसतो. त्याला ही कार्डं कुठून आणून देऊ? रंगीत घ्यावीत की काळीपांढरी?

खडूफळा

दोन_टोकं, विषय जरा वेगळा आहे. कार्डं विकत नकोत, त्याच्यासोबत बसून त्याच्याकडूनच काढून घ्या. कपाटामागे बसणं हा त्याचा शांत होण्याचा मार्गही असू शकतो. तिथून तो आपणहून बाहेर येतो का, बघा. तासन् तास बसत असेल, किंवा जेवणखाण आणि खेळणं कमी झालं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारा.

पिंपळपान

आरशाचं पटलं. पण गोष्टीचं काय? तुम्ही कोणती गोष्ट सांगता?

खडूफळा

माझी साळिंदराची आहे, घरचीच. अस्वलाच्या गोष्टीत मला एक खटकतं. एक श्वास घेतला आणि सगळं आलबेल! मुलाला स्वतःचा अनुभव वेगळा येतो, म्हणून ते गोष्टीवर विश्वास ठेवत नाही.

साळू ठोकळ्यांचा पूल बांधत असतो. ससा धावत येतो, शेपटी लागते, पूल कोसळतो. साळूचे काटे ताठ उभे राहतात. इथे मी थांबते. चित्रात साळूचं तोंड कोरं ठेवलेलं असतं. 'कोणता चेहरा लावू?' बहुतेक मुलं राग म्हणतात, दोन-तीन दुःख म्हणतात. मी दोन्ही लावते आणि 'तुला असं का वाटलं?' विचारते. मग सशाचा चेहरा. तो हसत असेल असं काहींना वाटतं. एखादं मूल म्हणतं, 'काट्यांना घाबरला!' मला तेच हवं असतं. एकाच गोष्टीतून दोघांना वेगवेगळं वाटतं, हे मुलांना कार्डं पाठ करून समजत नाही.

मग तीनच पर्याय: पोटावर हात ठेवून फुग्याचा श्वास, भिंतीला दोन्ही तळहातांनी ढकलणं, शांत कोपऱ्यात उशी घेऊन बसणं. साळू आधी श्वास घेतो. काटे अर्धेच खाली येतात! मुलं हसतात. मग तो भिंत ढकलतो, काटे आणखी उतरतात. तेव्हा कुठे तो सशाला म्हणतो, 'माझा पूल पडला, मला राग आला. मला परत बांधू लाग.' इथे माफी मागायला लावत नाही. ससा मदत करतो आणि गोष्ट संपते. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं, त्याहून लांबलं की मागची रांग चुळबुळ करते.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, पण साळूने काय करायचं ते मुलं निवडतात आणि करून दाखवतात. श्वासात एक बघा: मुलं खांदे उचलून हवा गिळतात. पोटावर हलकं खेळणं ठेवून आडवं झोपवलं की खेळणं वर-खाली होताना दिसतं. सोडायचा श्वास घ्यायच्यापेक्षा लांब, जणू वाफ फुंकतोय असा. दोन-तीनदा पुरे. जास्त जोरात केला तर काहींना गरगरतं.

लिंबोणी

तुमच्या यादीत उशी आहे, तर उशीवर बुक्क्या मारणं का नाही? राग बाहेर पडतो. माझ्या वर्गात चालतं.

खडूफळा

मी देत नाही. बुक्क्या मारून राग ओसरतो असं मोठ्यांवरच्या प्रयोगांतही दिसलेलं नाही, उलट वाढलेला दिसलाय. शिवाय उशीनंतर शेजाऱ्याची पाठ लांब नसते.

लिंबोणी

मग भिंत ढकलणं आणि बुक्की मारणं यात फरक काय? दोन्हींत जोरच लावायचा.

खडूफळा

प्रश्न बरोबर आहे. मला फरक दिसतो तो एवढाच की ढकलताना कुणाला मारल्यासारखं होत नाही आणि जोर हळूहळू सुटतो. पण सगळ्यांना चालेलच असं नाही. माझ्याकडे एक मुलगी भिंतीपाशी आणखी चिडायची, तिला पाणी पिऊन आल्यावर बरं वाटायचं.

पिंपळपान

आणि एक शंका. शांत कोपरा म्हणजे शिक्षा वाटेल ना? आमच्याकडे आधी 'कोपऱ्यात उभं राहा' चालायचं.

वारुळ

तोच कोपरा वापरू नका, जागा बदला. खिडकीजवळ सतरंजी, उशी आणि तिन्ही पर्यायांची चित्रं ठेवा. आणि 'जा तिकडे' असं म्हणायचं नाही, 'तुला बसायचंय का? मी येऊ?' असं विचारायचं. आनंदी मूलही तिथे जाऊन बसलं तर बसू द्यावं.

पण माझी अडचण वेगळीच. एक मुलगा रोज सकाळी आनंदाचंच कार्ड लावतो, डोळे रडून लाल असले तरी. त्याला दुसरं लावायला सांगावं का?

खडूफळा

सांगू नका. सगळ्यांसमोर लावायचं असलं की काही मुलं शिक्षकांना हवं ते लावतात. कार्ड दप्तराच्या कप्प्यात ठेवायला दिलं तर कदाचित बदलेल. किंवा तुम्हीच आपलं खरं कार्ड आधी लावून बघा. नक्की कशाने फरक पडेल, मलाही सांगता येत नाही.