अनुभव धागा: आठवडी बाजारात पहिला भाव किती सांगायचा?

धागाकर्ती (गाऊनवाली, यवतमाळ जिल्हा)

दिवाळीपासून मी आजूबाजूच्या गावांच्या बाजारात गाऊनचं पाल लावते. माल नागपूरच्या गांधीबागेतून ठोकमध्ये येतो. एक साधा सुती गाऊन 145 ला पडतो. टेम्पोचं भाडं, बाजारची चिठ्ठी, पिशव्या, एखादा उसवलेला निघाला तर तो, असं सगळं धरून 165. मला सरासरी 215 मिळाले तरी पुरे आहेत. पण 220 सांगितले की बाई 150 पासून सुरू होते, आणि शेवटी 190 वर येऊन बसावं लागतं. 400 सांगायला जीभ रेटत नाही. तुम्ही पहिला आकडा कसा काढता? कपडा, भाजी, चपला, भांडी, काहीही चालेल. गिऱ्हाइकांनीही लिहा.

चपलांचा गाडा

सोपं आहे ताई. डबल सांगायचं. गिऱ्हाईक अर्ध्यापासूनच बोलतं. 165 चा माल 330 सांगा, 220 ला सुटेल. माझ्या वडिलांपासून हेच चालू आहे.

वणीकडचा चादरीवाला

चपलेत डबल चालतं, कारण चप्पल कितीची असते हे गिऱ्हाइकाला नक्की ठाऊक नसतं. सोल कसला, शिलाई कशी, ते पायात घातल्यावर कळतं. तिथे बाई तुमच्या आकड्यावरून आपला आकडा काढते. चादर, टॉवेल, गाऊन हे दर वर्षी घेतले जातात. बाई घरून निघतानाच मनात भाव धरून येते. तुम्ही काहीही सांगा, ती तिच्याच आकड्यावरून बोलणार.

माझी सिंगल चादर सगळा खर्च धरून 230 ला पडते. 290 ला सुटली तर मी खुश, 265 च्या खाली देत नाही. 300 सांगून पाहिलं तर ती 200 म्हणते, मधोमध 250 येतात आणि ते माझ्या 265 च्याही खाली जातात. 550 सांगितलं तरी ती 200 च म्हणते, किंवा काहीच न बोलता घडी खाली ठेवून पुढच्या पालावर जाते. म्हणून मी 380 सांगतो. 380 आणि 200 च्या मधोमध 290.

म्हणजे हिशेब उलटा आहे. आधी पाहायचं की गिऱ्हाईक सहसा कितीपासून बोलतं. मग तो आकडा आपल्याला हव्या असलेल्या भावाच्या जितका खाली असेल, तितकंच त्या भावाच्या वर चढायचं. तुमची बाई 150 म्हणते, तुम्हाला 215 हवेत, मध्ये 65 आहेत. 215 वर 65 चढवले की 280 होतात.

आणि एकदम उतरू नका. मी 380 वरून 340, मग 315, 300, 290 असा येतो. पायऱ्या लहान होत गेल्या की तिला कळतं आता तळ आला. 380 वरून सरळ 300 केले तर तिला वाटतं, याच्या पोटात अजून 80 आहेत.

भाजीच्या दुकानावर आईसोबत बसणारा

आमच्याकडे भाव कमीजास्त होतच नाही म्हणा ना. आई किलोचा भाव कधी सांगत नाही. 60 रुपये किलो म्हटलं की समोरून "पन्नास लावा" येतं. तेच "पंधराचा पाव" म्हटलं की तोडायला जागा कमी राहते, बारा-तेराची चिल्लर कोण काढणार? वांगी, टमाटे तर ती वाटे लावूनच विकते. वाटा 20 चा. सकाळी वाट्यात टमाटे मोजके, उन्हं उतरली की त्याच 20 मध्ये दोन-तीन जास्त. भाव बदलतच नाही, वाटा बदलते. घासाघीस होते ती वरून टाकायच्या सांभारासाठी. चार काड्या सांभार आईने आधीच बाजूला काढून ठेवलेला असते.

आता स्कॅनरमुळे गडबड झाली. तेराही टाकता येतात अन् लोकं टाकतात.

जुना शेतकरी, आर्वीकडचा

गोऱ्ह्याचा भाव असा बोंबलून नाही सांगत बाप्पा कोणी. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात धरते, बोटानं सांगते. घेणाऱ्याचं बोट अन् देणाऱ्याचं बोट, बाजूच्याले काय समजते? माह्या एका जोडीचा सौदा असाच पार संध्याकाळलोक चालला होता. अवंदा जोडीचा काय भाव चालू हाय, कोणाले माहीत असंन तं सांगजा.

चादरीवाला

काका, इथे गाऊनचं चाललंय, पण तुमची रुमालाची गोष्ट कामाची आहे. आमच्या पालावर रुमाल नसतो. मी एका बाईला 290 ला दिली की बाजूला उभ्या चौघी ऐकतात, आणि त्यांच्यासाठी माझा पहिला भाव आता 380 नाही, 290 झाला. त्या तिथून खाली सुरू करतात. म्हणून बोहनीला पडत्या भावात देऊन टाकणारे लोक मला समजत नाहीत. पालासमोर गर्दी असेल तर तो भाव दिवसभर गळ्यात पडतो. बोहनी स्वस्तात करायचीच असेल तर लवकर यावं, पालासमोर एकटं गिऱ्हाईक असताना.

मास्तरीण, अकोला जिल्हा

गिऱ्हाईक म्हणून लिहिते. माझ्या पुढच्या बाईला जो टॉवेल 120 सांगितला, तोच मला 180. साडी नीट, हातात पर्स, म्हणून? मी भाव करत नाही, सरळ निघून जाते. तुम्हाला वाटतं महाग वाटलं म्हणून गेली. तसं नाही, तोंड पाहून भाव सांगितला म्हणून गेले.

चपलांचा गाडा

मॅडम, जो भाव करत नाही त्याच्याकडून चार पैसे जास्त, अन् जो करते त्याले कमी. सरासरी तीच पडते. यात फसवणूक काय?

मास्तरीण

फसवणूकच आहे. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

चादरीवाला

फिरत्या बाजारात तीच गिऱ्हाइकं पुढच्या आठवड्यात परत येतात आणि नळावर एकमेकींना भाव सांगतात. मी सगळ्यांना पहिला भाव एकच सांगतो, उतरतो मात्र माणूस पाहून. मॅडमना हेही पटणार नाही, ठाऊक आहे.

धागाकर्ती

मागच्या बाजारात 280 सांगून पाहिले. बऱ्याच बाया 160-170 वरून बोलल्या आणि 220, 225 ला गाऊन गेले. दोघी-तिघी न बोलता निघाल्या. एकीने मात्र 280 ऐकलं आणि लगेच पैसे काढले. म्हणजे अजून वर जायला हवं का?

चादरीवाला

एकीवरून भाव चढवू नका. सगळ्याच लगेच पैसे काढायला लागल्या तर तुमचा भाव कमी आहे. बऱ्याच जणी उलट आकडाही न सांगता जाऊ लागल्या तर जास्त आहे. आणि बाई तुमच्या 165 च्याही बरीच खाली अडून बसली, तर बाजूच्या पालावर कोणीतरी हलका माल स्वस्त लावलाय का ते आधी पाहून या. तेव्हा भावाशी झगडण्यात अर्थ नाही, कापड हातात देऊन फरक दाखवावा लागतो.

हे सगळं कापसाचे पैसे हातात असतात तोवरचं. पेरणीच्या तोंडावर बाई 150 म्हणेल आणि खरंच तेवढेच घेऊन आलेली असेल. तेव्हा 280 म्हटलं तर ती बोलणारच नाही. मी जूनमध्ये चादरीचा पहिला भाव 330 वर आणतो आणि उतरतोही कमी.

चपलांचा गाडा

जूनमध्ये मी चपला लावतच नाही. प्लास्टिकचे बूट विकतो, पाकिटावर छापलेल्या भावाच्या वर सांगता येत नाही. लोकं छापील भावातूनही तोडतात ते वेगळं.

धागाकर्ती

मग गाऊनवर 399 चं स्टिकर लावून आणलं तर? गांधीबागेत लावून देतात म्हणे.

मास्तरीण

मी तरी ते स्टिकर पाहूनच पुढे जाईन.