ब्रँड इक्विटी: मूल्य, किंमत, ख्याती की पत?

दुभाषी
पुण्यातल्या एका मसाल्यांच्या धंद्याचा अहवाल मराठीत आणते आहे. दोन भाऊ वेगळे होताहेत. कारखाना आणि नाव धाकट्याकडे राहणार, थोरल्याला त्याच्या वाट्याचे पैसे मिळणार. अहवालात 'ब्रँड इक्विटी' आणि 'ब्रँड व्हॅल्यू' असे दोन्ही शब्द येतात आणि मी दोन्हींना 'नाममुद्रेचे मूल्य' लिहिलं होतं. काल थोरल्यांचा फोन आला. "ताई, एका पानावर मूल्य पाहणीत वाढलंय म्हणता, दुसऱ्यावर ते 9 कोटी, आणि शेवटी त्याच मूल्याचे अडीच कोटी आणि 17 कोटीही लिहिलेत. मी सही कशावर करू?" मला उत्तर देता आलं नाही. इक्विटीला वेगळा शब्द सुचवा.

वहीखाते
वेगळा शब्द आहेच: ख्याती. मी तीस वर्षं पुस्तपालन शिकवलं. सरासरी नफ्यातून सामान्य नफा वजा करायचा, उरलेल्या अधिक नफ्याला ठरावीक वर्षांनी गुणायचं, झालं ख्यातीचं मूल्यांकन.

पेठकर
'नाममुद्रा' हा शब्दच मला कृत्रिम वाटतो. ब्रँडचा मूळ अर्थ जळतं लाकूड, त्यावरून जनावराला डाग देणं. आपल्याकडे 'मार्का' आणि 'छाप' होतेच की. माझी आजी 'घोडा छाप' म्हणायची, तिला कोणी नाममुद्रा शिकवली नव्हती.

ताळेबंद
वहीखातेसर, ख्यातीत नाव येतं, पण एकटं नाव येत नाही. जुने कामगार, मोक्याची जागा, उधारीवर माल देणारे व्यापारी हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. इथे नुसत्या नावाची किंमत हवी आहे.

दुभाषी, इक्विटी गिऱ्हाइकाच्या डोक्यात असते. पुडा न वाचता रंगावरून उचलणं, दुकानात नसला तर दुसरा न घेता परत जाणं, ही ती. ती पाहणीत मोजतात, तिचं उत्तर रुपयांत येत नाही. व्हॅल्यू म्हणजे त्या सवयीमुळे पुढे किती पैसे येतील याची आजची किंमत. म्हणजे पाहणीतल्या पानावर 'मूल्य' नको होतं. पण थोरल्यांचा गोंधळ एवढ्याने जाणार नाही, कारण रुपयांतले आकडेही तीन आहेत. ते कसे काढलेत?

दुभाषी
आकडे थोडे बदलून देते, प्रमाण तेच. वर्षाची विक्री 40 कोटी, किलोमागे सरासरी 320 रुपये, कामकाजातला नफा विक्रीच्या 8 टक्के. अडीच कोटी म्हणजे दहा वर्षांतली जाहिरात, पाकिटांची रचना आणि व्यापारचिन्हाची नोंदणी यांचा खर्च. 9 कोटी 'रॉयल्टीची बचत' धरून, 17 कोटी 'जादा भावा'वरून.

ताळेबंद
अडीच कोटी आधी बाजूला ठेवा. वहीत जे लिहिलं तेवढंच त्यात आहे. आजोबा चाळीस वर्षं भवानी पेठेतल्या गाळ्यावर स्वतः मिरची निवडत बसले असतील, त्याची नोंद कुठल्याच खात्यात नाही. उलट वाया गेलेली जाहिरातही तिथे मालमत्ता म्हणून मोजली जाते.

9 कोटीची रीत अशी. नाव आपलं नसतं तर ते वापरण्यासाठी मालकाला विक्रीच्या 3 टक्के द्यावे लागले असते असं धरलं. 40 कोटीचे 3 टक्के म्हणजे 1 कोटी 20 लाख. 25 टक्के कर गेला की 90 लाख वाचतात. पैसे लावणारा 15 टक्के परतावा मागतो आणि विक्री दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढते असं धरलं, तर 90 लाखांना मधल्या 10 टक्क्यांनी भागायचं. 9 कोटी. पण रॉयल्टी 5, परतावा 13 आणि वाढ 6 टक्के धरा, तीच रीत 21 कोटींच्या वर नेते. धंदा तोच, पुडाही तोच.

वाड्यातली
आमच्या वाड्यातलं दुकान सोडताना भाडेकरूने 'गुडविल' मागितलं होतं. बाबांनी दिलं, आणि पावतीवर काहीच लिहिलं नाही. ती पागडी होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या पैशाचा कर कोणी भरायचा असतो? इथे ख्याती म्हणताय ते तेच का?

ताळेबंद
नाही, तो जागेचा हक्क होता, नावाचा नव्हे. कराचं कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

वहीखाते
मग हे आकडे धरायचे तरी कशाला? जगभर हेच दिसतं. 2023 मध्ये ॲपलच्या नावाची किंमत ब्रँड फायनान्सने 300 अब्ज डॉलरच्या आतबाहेर सांगितली, इंटरब्रँडने 500 च्या आसपास आणि कांटारने 880. एकाच नावाची, एकाच वर्षी. माझ्या विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर मी गुण दिले नसते.

ताळेबंद
सर, त्या तिघांनी एकच प्रश्न सोडवलेला नाही. पहिले रॉयल्टी मोजतात. बाकीचे दोघे कंपनीच्या कमाईतला किती हिस्सा नावामुळे येतो हे ठरवतात, आणि तो हिस्सा ठरवायची प्रत्येकाची रीत वेगळी.

आता 17 कोटींकडे बघा. हा पुडा 320 ला जातो, शेजारचा 290 ला. किलोमागे 30 रुपये जास्त. जाहिरात आणि पाकीट यांचे 12 वजा केले, 18 उरले. साडेबारा लाख किलोवर सव्वादोन कोटी, कर जाऊन 1 कोटी 69 लाख, 10 टक्क्यांनी भागून जवळपास 17 कोटी. दुभाषी, मिरची कुठली वापरतात तेवढं विचाराल का?

दुभाषी
विचारलं. ब्याडगी, देठ काढलेली. शेजारचा मिसळीची वापरतो. त्यापायी यांना किलोला 10 रुपये जास्त पडतात.

ताळेबंद
मग ते 10 रुपये मिरचीचे आहेत, नावाचे नाहीत. 18 चे 8 राहिले, आणि 17 कोटींचे साडेसात कोटी झाले. या रीतीत चूक बहुतेक इथेच होते, मालाचा गुण नावाच्या खात्यात जमा होतो. उलटही होतं. एखादा भाव शेजाऱ्याइतकाच ठेवतो आणि तरी त्याच्या दारात रांग लागते. त्याचा जादा भाव शून्य, म्हणून नाव शून्य किमतीचं ठरत नाही.

रॉयल्टीलाही एक कसोटी आहे. नफा विक्रीच्या 8 टक्के. त्यातले 5 नावाला दिले तर गिरणी, माणसं, गुंतवलेले पैसे यांना 3 उरतात. असा करार भाड्याने नाव घेणारा करणार नाही. 3 टक्के पटण्यासारखे आहेत, 5 नाहीत. थोरल्यांना इतकंच सांगा की साडेसात आणि 9 जवळ आले आहेत, बोलणं तिथून सुरू करा.

वहीखाते
एक राहिलं. उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने हे नाव घेतलं तर? हिंदुस्तान युनिलिव्हरने 2020 मध्ये हॉर्लिक्सच्या भारतातल्या नावाचे 3,045 कोटी मोजले.

ताळेबंद
तिच्याकडे देशभर माल पोचवायची यंत्रणा आहे, म्हणून तिला ते नाव जास्त किमतीचं. धाकट्याकडे एक टेम्पो आहे. पण त्याने दोन वर्षांत नाव विकलं तर थोरल्याला वाटा मिळावा का, हे गणितातून निघत नाही. ते करारात लिहून घ्यावं लागेल.

पेठकर
मूळ प्रश्न राहिलाच. इक्विटीला 'पत' म्हणा. बाजारात पत आहे, पत गेली, हे भवानी पेठेतला हमालही म्हणतो. माझ्या मते शब्द 'प्रत्यय'वरून आला, आणि अर्थही तोच, अनुभवाने बसलेला विश्वास.

वहीखाते
पत म्हणजे उधारी मिळण्याची लायकी. पतसंस्था, पतपेढी. हा शब्द वाचून थोरल्यांना वाटेल, कर्ज काढायचं आहे.

वाड्यातली
माझी आई 'सासऱ्यांच्या पुण्याईवर दुकान चाललंय' म्हणायची. कमावलं एकाने, खातो दुसरा. यांचंही तेच नाही का?

पेठकर
शब्द अस्सल आहे. पण पुण्याई विकता येत नाही.

दुभाषी
व्हॅल्यूला 'नावाची किंमत' केलं. इक्विटीच्या जागी सध्या 'नावाची पत' आहे. थोरल्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "पत आमच्या वडिलांची होती, ती अर्धी कशी करणार?" सोमवारी प्रत द्यायची आहे.

वहीखाते
तरी ख्यातीच बरी.