मदत हवी आहे: लिगामेंटच्या ऑपरेशननंतर लेग एक्स्टेन्शन मशीन चालेल का?

सेलूकर
माझा धाकटा भाऊ कबड्डी खेळतो. चढाईत पाय मुरगळून गुडघ्यातला पुढचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, मांडीमागचा हॅमस्ट्रिंगचा पट्टा काढून ग्राफ्ट बसवला. आता दहावा आठवडा चालू आहे. फिजिओंनी अर्धी बैठक आणि पायरी चढउतार दिलंय, तो रोज न चुकता करतो. पण मांडी काही भरत नाही. शिंप्याच्या टेपने वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर मोजली, तर दुसऱ्या पायापेक्षा अडीच सेंटिमीटर कमी. गावातल्या जिमवाल्याचं म्हणणं, लेग एक्स्टेन्शन मशीनवर बसव, महिन्यात मांडी भरेल. फिजिओ परभणीला, पुढची भेट लांब आहे. काय करावं?

जिमदादा_संभाजीनगर
मशीनच्या नादी लागू नका. पाय हवेत मोकळा सोडून सरळ केला की ग्राफ्ट ताणला जातो. पाय जमिनीवर टेकवून केलेले व्यायामच सुरक्षित. लिगामेंटवाल्यांना मी ते मशीन कधीच देत नाही.

अंबाजोगाईच्या_काकू
माझे गुडघे झिजलेत. खुर्चीत बसून पाय सरळ करायला सांगितलंय, पण शेवटी शेवटी वाटीत कळ येते. तेही हेच मशीन म्हणायचं का?

फिजिओ_लातूर
काकू, व्यायाम त्याच जातीचा, कारण पाऊल मोकळं राहतं. पाय सरळ होत आला की वाटीचा थोडाच भाग मांडीच्या हाडाला टेकतो आणि स्नायूचं ओढणं मात्र त्याच टप्प्यात वाढतं. म्हणून कळ येते. कळ सुरू होते त्याच्या अलीकडेच थांबा. बैठकीत याच्या उलट होतं, जितकं खाली जाल तितका वाटीवर दाब. त्यामुळे उंच खुर्चीवरून उठबस करा, पाटावरून नको.

सेलूकर, जिमदादांचं अर्धं बरोबर आहे. मांडीचा पुढचा स्नायू वाटीखालच्या दोरीने नडगी वर ओढतो. गुडघा सरळ होण्याच्या शेवटच्या तीस-चाळीस अंशांत ती ओढ नडगीला पुढेही सरकवते, आणि नडगीला पुढे जाण्यापासून अडवणं हेच त्या लिगामेंटचं काम. मशीनचा पट्टा घोट्याजवळ असला तर ताण आणखी वाढतो. बैठकीत अंगाचं वजन दोन्ही हाडं एकमेकांवर दाबून धरतं आणि हॅमस्ट्रिंगही सोबत आवळतात, म्हणून नडगी कमी सरकते.

पण "कधीच नाही" हे पटत नाही. गुडघा नव्वद अंशांत वाकलेला असताना पाय उचलून पंचेचाळीसपर्यंतच आणला, तर लिगामेंटवर ताण फारच थोडा येतो. तेवढ्या टप्प्यात, वजन न लावता, हा व्यायाम चौथ्या आठवड्यापासून सुरू करणारे बरेच जण आहेत. टप्पा पुढे हळूहळू वाढवतात. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर जादा वजन मात्र बाराव्या आठवड्यापर्यंत लावत नाहीत.

मांडी का भरत नाही याचं कारण बैठकीतच असू शकतं. पाऊल टेकलेलं असलं की घोटा, गुडघा, कंबर तिघंही एकाच कामाला जुंपलेले असतात. मांडी कमी पडली की पुठ्ठ्याचे स्नायू आणि दुसरा पाय तिचं काम उचलतात. बैठक दिसायला छान होते, पण कमजोर स्नायू तसाच राहतो. दोन वजनकाटे शेजारी ठेवा, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून त्याला अर्ध्या बैठकीत थांबवा, आणि आकडे कळवा. त्याला खाली बघू देऊ नका.

सेलूकर
काल केलं. एक काटा शेजारच्या किराणा दुकानातून आणला. वजन 68 किलो. चांगल्या पायाखाली 41, ऑपरेशनच्या पायाखाली 27. समोरून बघताना बैठक अगदी सरळ वाटत होती. मग मागून बघितलं, तर कंबर एका बाजूला सरकलेली. त्याला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं!

फिजिओ_लातूर
हेच बघायचं होतं. बैठक बंद करू नका, पण काट्यावर उभं राहून दोन्हीकडे 34 येईल इतकीच खोल करू द्या. सोबत खुर्चीत बसून नव्वद ते पंचेचाळीस, वजन न लावता. पाय मोकळा असला की पुठ्ठा मदतीला येऊ शकत नाही, काम मांडीलाच करावं लागतं. पण हे सुरू करण्याआधी तुमच्या फिजिओंना फोन करा. सोबत गुडघ्यातल्या गादीची दुरुस्ती झाली असेल तर खोल वाकण्यावर वेगळी बंधनं असतात, ते कागदावर लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा गुडघा गरम लागला, तर समजा जास्त झालं.

जिमदादा_संभाजीनगर
सर, अंशांचा मुद्दा कळला. पण आमच्याकडच्या मशीनला टप्पा अडवायची खीळच नाही, पोरं पाय सरळ करतातच. मी तरी तिसऱ्या महिन्याआधी बसवणार नाही.

फिजिओ_लातूर
खीळ नसेल तर मशीन नकोच, तुमचं बरोबर. खुर्चीसमोर पाय अडेल असं स्टूल ठेवलं की घरीही भागतं. पूर्ण टप्प्यात वजन कधी लावायचं, यावर आमच्यातही एकमत नाही.

सेलूकर
फिजिओंशी बोललो. गादीला धक्का नाही, स्टूल लावून सुरू करा म्हणाले. एक विचारायचं राहिलं: पाय उचलताना वाटीखाली कटकट आवाज येतो, दुखत नाही. चालेल का?