लिहिण्याआधी युक्तिवादाचा नकाशा काढता का? सोसायटीच्या टिपणासाठी सल्ला हवा

मुलुंडकरीण
आमची इमारत १९७९ची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. विशेष सर्वसाधारण सभेसाठी पुनर्विकासाच्या बाजूने दोन पानी टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलंय. चार मसुदे झाले. प्रत्येक वेळी दुसऱ्या परिच्छेदात गुंता होतो, कारणांत आक्षेप घुसतात, आक्षेपाला उत्तर देता देता नवीनच मुद्दा निघतो. लिहिण्याआधी मुद्द्यांचा नकाशा काढावा असं ऐकलंय. कोणी खरंच करतं का? कागदावर की सॉफ्टवेअरवर? मसुद्याचा गाभा असा:

"इमारत ४५ वर्षांहून जुनी आहे. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी२बी आलं आहे. दर पावसाळ्यात गळते. म्हणून आता पुनर्विकासाला पर्याय नाही."

ठाणे_स्लो
माइंड मॅप काढा. मध्ये 'पुनर्विकास' लिहून गोल करायचा, बाजूने फांद्या: खर्च, ऑडिट, बिल्डर, भाडं. मी ऑफिसची सगळी प्रेझेंटेशन्स अशीच करतो.

पागडीवाला
ताई, आधी किती टक्के सभासदांची संमती आहे ते सांगा. आमच्याकडे गिरगावात मालकच सह्या देत नाही, तीन वर्षं झाली. तुमची तरी सोसायटी आहे.

मुलुंडकरीण
काका, संमतीचा प्रश्न नंतरचा. सध्या मी फक्त टिपणात अडकलेय.

फोर्टची_पायरी
मी वकिली करते. लेखी युक्तिवाद लिहिण्याआधी नकाशा काढल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. आमच्या क्षेत्रात हे जुनं आहे. जॉन विग्मोर या अमेरिकन विधिज्ञाने १९१३मध्येच खटल्यातल्या पुराव्यांचे असे तक्ते छापले होते.

माइंड मॅपने मुद्दे आठवतात, पण 'ऑडिट' हा शब्द खराही नसतो, खोटाही नसतो. त्यामुळे तो कशाला आधार देतो ते दिसत नाही. नकाशातल्या प्रत्येक चौकटीत पूर्ण वाक्य हवं, ज्याला कोणी उठून "हे खरं नाही" म्हणू शकेल असं.

आता तुमचा परिच्छेद घेऊ. सगळ्यात वर निष्कर्ष: "सोसायटीने पुनर्विकास करावा." खाली: "ऑडिटमध्ये सी२बी आलं आहे." मधली रेघ ओढण्याआधी एक तपासणी करा. निष्कर्षात जो महत्त्वाचा शब्द आहे, तो खालच्या एखाद्या वाक्यात आलाय का? 'पुनर्विकास' तुमच्या एकाही कारणात नाही. म्हणजे मधलं वाक्य तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. ते लिहून काढा. मला वाटतं ते असं असेल: "ज्या इमारतीला मोठी दुरुस्ती लागते तिचा पुनर्विकास करणंच परवडतं."

आता हे वाक्य ऑडिटशेजारी ठेवून बघा. महापालिकेच्या वर्गवारीत सी१ म्हणजे इमारत पाडायची, सी२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, आणि सी२बी म्हणजे रहिवाशांना न हलवता दुरुस्ती. तुमचा सगळ्यात भक्कम वाटणारा कागद दुरुस्तीवाल्यांच्या बाजूने बोलतोय! "दुरुस्ती लागेल" एवढंच तो सांगतो. "दुरुस्ती पुरणार नाही" हे त्यात कुठेच नाही. चार मसुदे इथेच अडकले असणार, कारण ही रिकामी जागा सुंदर भाषेने भरत नाही.

मुलुंडकरीण
अंगावर काटा आला. दुरुस्तीचं कोटेशन आम्ही मागवलेलंच नाही.

फोर्टची_पायरी
मग तुलनेचं वाक्य आज तुम्हाला लिहिताच येणार नाही. त्याऐवजी निष्कर्ष बदलून बघा: "सोसायटीने दुरुस्तीचं कोटेशन आणि पुनर्विकासाचा व्यवहार्यता अहवाल दोन्ही मागवावेत." याला तुमची आत्ताची कारणं पुरतात.

न्यायशास्त्र_एमए
आपल्याकडे न्यायदर्शनात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी पाच अवयवांची मांडणी आहेच. नकाशा म्हणजे तेच. आधी पूर्वपक्ष मांडावा, मग उत्तरपक्ष.

फोर्टची_पायरी
जवळचं आहे, पण तेच नाही. पंचावयव वाक्य म्हणजे एका अनुमानाची सलग साखळी. नकाशात एका निष्कर्षाला चार वेगळ्या बाजूंनी टेकू असू शकतात आणि आक्षेप नेमका कुठल्या टेकूवर पडतो ते दिसावं लागतं. पूर्वपक्षाची सवय मात्र फार कामाची. ताई, तुमच्याकडे कोणते आक्षेप येतात?

मुलुंडकरीण
दोन ठरलेले. "बिल्डर अर्धवट सोडून गेला तर?" आणि "ऑडिटर कमिटीनेच आणलाय."

फोर्टची_पायरी
दोन्ही अगदी वेगळ्या जातीचे आहेत. बिल्डरचा आक्षेप इमारतीच्या अवस्थेबद्दल नाहीच. तो "पुनर्विकासात घर वेळेत मिळतं" या तुम्ही न लिहिलेल्या वाक्यावर आहे. निष्कर्ष बदलल्यावर तो आत्ताच्या टिपणातून बाहेर पडतो. बँक गॅरंटी, भाड्याची आगाऊ रक्कम हे सगळं पुढच्या टिपणाचं.

दुसरा आक्षेप "इमारत चांगली आहे" असं म्हणत नाही. तो अहवाल आणि निष्कर्ष यांमधली रेघ कापतो. म्हणून त्याला "स्लॅब बघा किती खराब झालाय" हे उत्तर चालत नाही. रेघ पुन्हा जोडावी लागते. अहवालाला काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या रिबाउंड हॅमरची आणि कोअर टेस्टची आकडेवारी जोडलेली असेल तर ती द्या, नाहीतर दुसऱ्या ऑडिटरचं मत घ्या.

आणि लिफ्टचं काय? तुम्ही प्रश्नात लिहिलंत, मसुद्यात नाही. ऑडिट पूर्ण खोटं ठरलं तरी "चौथ्या मजल्यावरच्या ज्येष्ठांना जिना चढवत नाही" हे उभंच राहतं. म्हणून त्याची रेघ स्वतंत्र. ऑडिट आणि "मोठ्या दुरुस्तीचा निर्णय खर्च बघूनच घ्यावा" ही वाक्यं मात्र एक काढलं तर दुसरं पडतं, त्यांना एका कंसात बांधा.

कोडवाली_पवई
सॉफ्टवेअरचं विचारलं होतं म्हणून. आर्गडाउन फुकट आहे, साध्या मजकुरातून नकाशा बनवतं. अधिक म्हणजे आधार, वजा म्हणजे आक्षेप:

```
[मागणी]: दोन्ही अहवाल मागवावेत.
  + <ऑडिट>: मोठी दुरुस्ती लागणार आहे.
    - <ऑडिटर>: तो कमिटीने आणला.
  + <जिना>: ज्येष्ठांना चार मजले चढवत नाहीत.
```

पण पहिल्यांदा कागदाच्या चिठ्ठ्या घ्या. चिठ्ठी उचलून दुसरीकडे ठेवताना जे कळतं ते टाइप करताना कळत नाही.

ठाणे_स्लो
मान्य, माझ्या फांद्यांत हे दिसलं नसतं. पण मग नकाशा वरून खाली जसाच्या तसा लिहून काढायचा ना?

फोर्टची_पायरी
नाही. नकाशात वजन दिसत नाही. जिन्याची चौकट आणि ऑडिटची चौकट सारख्याच आकाराच्या असतात, सभेत मात्र जिना जास्त बोलतो. मी ज्यावर कोणी वाद घालत नाही त्या कारणापासून सुरुवात करते.

कोडवाली_पवई
मी उलट करते, मागणी पहिल्या ओळीत. लोक दुसरं पान वाचतच नाहीत.

मुलुंडकरीण
रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिठ्ठ्या मांडल्या. चौदा झाल्या, त्यातल्या पाच बिल्डरबद्दलच्या, त्या बाजूला ठेवल्या. 'गळती'ची चिठ्ठी मात्र कुठेच बसत नाहीये. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं तर गळती थांबेल, मग ती कुठल्याच बाजूला टेकू देत नाही. पण सभेत सगळे तिच्यावरच बोलणार. टिपणात घ्यावी का?

पागडीवाला
गळती नाही घेतली तर लोक म्हणतील तुम्ही त्या इमारतीत राहताच कुठे. घ्या.

फोर्टची_पायरी
मी नसती घेतली. पण काकांचं म्हणणं मला खोडता येत नाहीये.