मदत हवी आहे: आलेखावरच्या करंटची आरएमएस किंमत जुळत नाही, ६.५७ येते, उत्तर ६.९३ दिलंय

वाशिष्ठीकाठची
डिप्लोमा इलेक्ट्रिकल दुसरं वर्ष, चिपळूण. परवा टेस्ट आहे आणि एकच गणित तीन दिवस अडलंय. आलेखावर करंट काढून दिलाय, शून्यापासून सरळ रेषेत १२ अँपिअरपर्यंत चढतो, मग थोडा वेळ सपाट, मग एकदम खाली. ॲव्हरेज आणि आरएमएस काढा. माझं ॲव्हरेज बरोबर आलं, ४.८, पण आरएमएस ६.५७ येतंय आणि मागे उत्तर ६.९३ आहे. दोनदा पहिल्यापासून केलं तरी तेच. कुठे चुकतंय ते लवकर सांगा प्लीज, फोटो अपलोड होत नाहीये, इथे पावसात नेट धड नाही.

थेट_फॉर्म्युला
सोप्पं आहे. पीक १२ ना? ॲव्हरेज १२ गुणिले ०.६३७ म्हणजे ७.६४, आरएमएस १२ गुणिले ०.७०७ म्हणजे ८.४८. मागचं उत्तर चुकीचं छापलंय, अशा पुस्तकांत नेहमी असतं.

वाशिष्ठीकाठची
साईन वेव्ह नाहीये हो, वर लिहिलंय ना सरळ रेषा. ते आकडे इथे लागत नाहीत एवढं मलाही माहितीये.

देवगडचो
गो बाय, आलेखाचो फोटो टाक मगे सांगतंय. नुसता वाचून काय कळणार? चढाक किती वेळ लागता, सपाट किती वेळ, खाली आल्यावर पुढे काय होता, ह्या कायच लिवलंस नाय.

वाशिष्ठीकाठची
फोटो जात नाही म्हटलं ना. ० ते ४ मिलिसेकंद चढ, ४ ते ६ सपाट १२ वर, ६ ला सरळ खाली शून्यावर, १० पर्यंत शून्य. आडवं १ सेंमी म्हणजे २ मिलिसेकंद, उभं १ सेंमी म्हणजे ३ अँपिअर.

जुना_टेस्टर
आणि १० च्या पुढे? आलेख तिथेच संपतो, की रेषेखाली तसाच उलटा आकार आहे? हे सांगितल्याशिवाय ॲव्हरेज बरोबर की चूक हेही कुणाला म्हणता येणार नाही. आणि आरएमएस काढताना चढाच्या भागासाठी नेमकं काय केलंस तेही लिही, ३६ घेतलेस का?

वाशिष्ठीकाठची
हो, खाली उलटा आहे तसाच, १० ते २०. ते सांगायचं राहिलं, मला वाटलं सगळ्यांच्याच पुस्तकात असेल. आणि हो काका, ३६ च घेतलेत. चढाचं ॲव्हरेज ६, त्याचा वर्ग ३६, चार मिलिसेकंद म्हणून १४४. सपाट भागाचे १४४ गुणिले २ म्हणजे २८८. एकूण ४३२ भागिले १०, वर्गमूळ ६.५७. तुम्हाला कसं कळलं?

जुना_टेस्टर
कारण दरवर्षी दहातले सहा जण तिथेच जातात. तू आधी सरासरी घेतलीस आणि मग वर्ग केलास. आरएमएसमध्ये आधी प्रत्येक क्षणाचा वर्ग आणि मग त्या वर्गांची सरासरी, हा क्रम उलटला की चढ असलेल्या भागात उत्तर कमीच येणार. सपाट भागात फरक पडत नाही म्हणून तुझे २८८ बरोबर आले आणि चूक लपून राहिली.

आता चढाचे चार मिलिसेकंद घे. करंट दर मिलिसेकंदाला ३ अँपिअरने वाढतोय. प्रत्येक मिलिसेकंदाच्या मधोमध बघ, तिथे १.५, ४.५, ७.५ आणि १०.५ आहे. यांची सरासरी ६, तुझ्यासारखीच. पण वर्ग बघ, २.२५, २०.२५, ५६.२५ आणि ११०.२५. वरच्या टोकाचा वर्ग एकटाच बाकी तिघांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे. यांची सरासरी ४७.२५, म्हणजे तुझ्या ३६ पेक्षा कितीतरी जास्त. पट्ट्या अजून बारीक करत गेलीस की ती ४८ वर जाऊन थांबेल. शून्यापासून सरळ चढणाऱ्या रेषेच्या वर्गाची सरासरी पीकच्या वर्गाच्या एक तृतीयांश असते, १४४ चा तिसरा भाग ४८, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे.

मग ४८ गुणिले ४ म्हणजे १९२, सपाटाचे २८८, शून्याच्या चार मिलिसेकंदांचे काही नाही. बेरीज ४८०, भागिले १०, ४८. वर्गमूळ ६.९३. तुमचं छापलेलं उत्तर बरोबर आहे.

वाशिष्ठीकाठची
अरे हो!! म्हणजे वर्ग केला की मोठ्या किमतींना जास्त वजन मिळतं म्हणून. थँक्यू काका. एवढंच कुणी वर्गात सांगितलं असतं तर तीन दिवस गेले नसते.

चौकोनमोज्या
एवढं कशाला करायचं, ग्राफ पेपर दिलाय ना, चौकोन मोजा. मी तसाच पास झालोय. तुझ्या स्केलने चढाखाली आणि सपाटाखाली मिळून ८ मोठे चौकोन येतात, पाया ५ सेंमी, ८ भागिले ५ म्हणजे १.६ सेंमी उंची, गुणिले ३, झालं ४.८. सूत्र नको नि काही नको. आरएमएसला पण तेच, फक्त स्केलचा वर्ग करायचा.

जुना_टेस्टर
ॲव्हरेजला तुमची पद्धत उत्तम आहे, वाकडातिकडा आकार असेल तर मीही चौकोनच मोजेन. आरएमएसला नाही. १.६ चा वर्ग २.५६, स्केलचा वर्ग ९, गुणाकार २३.०४, वर्गमूळ पुन्हा ४.८ च. म्हणजे तुम्ही ॲव्हरेजच दुसऱ्यांदा काढलंत. चौकोनच मोजायचे असतील तर करंटच्या वर्गाचा वेगळा आलेख काढावा लागेल, त्यात ही सरळ रेषा वर वळलेली दिसेल, आणि त्याखालचे चौकोन मोजायचे.

चौकोनमोज्या
आमच्या वेळी वेगळा आलेख कुणी काढला नव्हता. मिड-ऑर्डिनेट घेतले की काम व्हायचं.

जुना_टेस्टर
मिड-ऑर्डिनेटमध्ये प्रत्येक उंचीचा वेगळा वर्ग करता, मग तो वर्गाचा आलेखच झाला की, फक्त कागदावर काढला नाही इतकंच. ते बरोबर आहे. या गणितात दहा पट्ट्या घेतल्या तर वर्गांची बेरीज ४७७, भागिले १० म्हणजे ४७.७, आरएमएस ६.९१. हातानं काढलेल्याला एवढा फरक चालतो.

वाशिष्ठीकाठची
काका एक मिनिट. मी पट्ट्यांनी पण करून बघितलेलं आधी, तेव्हा ॲव्हरेज ५.४ आलं होतं म्हणून सोडून दिलं. ३, ६, ९, १२, १२, १२ आणि मग शून्यं.

जुना_टेस्टर
पट्टीच्या उजव्या कडेची उंची घेतलीस. चढत्या भागात उजवी कड नेहमी जास्त सांगते. डाव्या कडेने केलंस तर ०, ३, ६, ९, १२, १२ म्हणजे ४.२ येईल. खरं ४.८ दोन्हींच्या मधोमध. आणि ६ मिलिसेकंदाला करंट एकदम पडतो, त्या उभ्या रेषेवर उंची १२ धरायची की शून्य हा प्रश्न कडेने मोजणाऱ्यालाच पडतो. मधोमध घेतलं तर तो येतच नाही, फक्त पट्टीची कड बरोबर त्या पडण्यावर यायला हवी. म्हणून आधी आलेखात करंट कुठे कुठे तुटतो त्या जागा शोध, तिथे रेघा मार, आणि मगच पट्ट्या पाड.

थेट_फॉर्म्युला
पण खाली उलटा आकार असेल तर ॲव्हरेज शून्य यायला पाहिजे ना. मग ४.८ कसं काय बरोबर? आणि मग आरएमएस पण शून्यच.

जुना_टेस्टर
पहिला मुद्दा खरा आहे. पूर्ण २० मिलिसेकंदांवर ॲव्हरेज शून्यच. म्हणून अशा सिमेट्रिकल वेव्हला ॲव्हरेज म्हणजे अर्ध्या सायकलचं ॲव्हरेज घ्यायचा रिवाज आहे, तेच ४.८. दुसरा मुद्दा नाही. वर्ग केल्यावर वजा चिन्ह उरत नाही, खालच्या अर्ध्यातही ४८०, एकूण ९६० भागिले २०, पुन्हा ४८. हीटरला करंट कोणत्या दिशेने जातो त्याने फरक पडत नाही, २ ओहमची कॉइल असेल तर दोन्ही अर्ध्यांत सारखीच ९६ वॅट तापणार.

म्हणूनच मी १० च्या पुढे काय ते विचारत होतो. खालचा अर्धा नसता आणि १० ते २० नुसतं शून्य असतं तर ॲव्हरेज २.४ आणि आरएमएस २४ चं वर्गमूळ, ४.९०. ॲव्हरेज निम्मं होतं, आरएमएस निम्मं होत नाही.

बर्फवाला_हर्णे
मी विद्यार्थी नाही, पण वाचून विचारावंसं वाटलं. बर्फाच्या फॅक्टरीत कंप्रेसरला ड्राइव्ह लावलाय, क्लॅम्प मीटर येणाऱ्या केबलला लावला तर करंट केबलच्या रेटिंगच्या बराच खाली दाखवतो, तरी केबल हाताला गरम लागते. वायरमन म्हणतो खारी हवा, टर्मिनल गंजलेत. दोनदा साफ केले. मासळीच्या सीझनमध्ये बंद ठेवता येत नाही, काय करू?

देवगडचो
ड्राइव्ह काढून टाक, डायरेक्ट चालव. आमच्याकडे सगळे तसेच चालतत.

जुना_टेस्टर
ड्राइव्ह काढू नका. आधी मीटरवर ट्रू आरएमएस लिहिलंय का बघा. नसेल तर तो आतमध्ये ॲव्हरेजच मोजतो, त्याला १.११ ने गुणतो आणि आरएमएस म्हणून दाखवतो. १.११ हा साईन वेव्हचा फॉर्म फॅक्टर. ड्राइव्हचा करंट साईन नसतो, टोकदार ठोके असतात, तिथे तो मीटर कमी सांगतो. या मुलीच्या आलेखावरच बघा, ॲव्हरेज ४.८, तसा मीटर ५.३३ दाखवेल, खरं ६.९३. तापणं वर्गाने जातं, म्हणजे मीटर बघून तुम्ही जितकं धराल त्याच्या १.६९ पट केबल खरोखर तापतेय. तुमचा आकार वेगळा आहे, तिथे हा आकडा किती ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. ट्रू आरएमएस मीटर कुणाकडून तरी आणून एकदा लावा. गरमी केबलच्या सगळ्या लांबीवर आहे की फक्त टोकाला, तेही हाताने न चाचपता इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. फक्त टोकाला असेल तर तुमचा वायरमन बरोबर असू शकतो.

बर्फवाला_हर्णे
मीटरवर तसं काही लिहिलेलं नाही. दापोलीत एकाकडे चांगला आहे, उद्या मागून बघतो.

वाशिष्ठीकाठची
म्हणजे माझ्या वेव्हचा फॉर्म फॅक्टर ६.९३ भागिले ४.८, १.४४. हा पुढचाच उपप्रश्न होता! पण अजून एक. पेपरमध्ये नुसतं ॲव्हरेज लिहिलं आणि खाली उलटा अर्धा असला तर शून्य लिहू की ४.८?

चौकोनमोज्या
४.८. शून्य लिहिलंस तर मार्क जातील.

थेट_फॉर्म्युला
पूर्ण सायकल म्हटलं असेल तर शून्यच बरोबर, मी शून्य लिहीन.

जुना_टेस्टर
फॉर्म फॅक्टर मागितलाय म्हणजे त्यांना ४.८ च हवंय, शून्याने भागताच येणार नाही. तो मागितला नसेल तर पेपर तपासणारा काय धरेल ते मी इथून सांगू शकत नाही. मी असतो तर दोन्ही लिहिले असते, पूर्ण सायकल शून्य, अर्धी सायकल ४.८, आणि कुठली कुठली ते शब्दांत.

वाशिष्ठीकाठची
ठीक. उद्या मॅडमना विचारते आणि इथे लिहिते. आता दुसरं गणित बघतेय, त्यात चढ शून्यापासून नाही, ४ अँपिअरपासून १० पर्यंत आहे. तिथे पण तिसरा भागच का?

जुना_टेस्टर
नाही. तिथे ४ चा वर्ग, १० चा वर्ग आणि ४ गुणिले १०, या तिघांची बेरीज भागिले ३. १६, १००, ४०, म्हणजे १५६ चा तिसरा भाग ५२. ४ च्या जागी शून्य घालून बघ, मघाचाच तिसरा भाग मिळेल.